‘अर्जंट’ एवढाच मेसेज आला तर

*ताई, मी कॉलेजात शिकवते. मुलांकडे माझा नंबर आहे. ‘मॅम अर्जंट’, ‘मॅम हेल्प’ असले मेसेज रोज येतात आणि बहुतेक वेळा फॉर्म, मार्क, नाहीतर उद्याचं सबमिशन एवढंच निघतं. गेल्या महिन्यात एका मुलीचा रात्री पावणेबाराला ‘मॅम’ असा मेसेज आला आणि पाठोपाठ ‘अर्जंट’. मी ‘उद्या बोलू’ लिहिलं. तिनं ‘ओके’ लिहिलं, मी झोपले. सकाळी कळलं, तिला रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तिनं स्वतःला इजा करून घेतली होती. आता ती सावरतेय. पण तेव्हापासून फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. रोजच्या या ढिगातून खरं संकट ओळखायचं कसं? आणि ओळखलं तरी लिहायचं काय? मी घाबरून भलतंच काही बोलून बसेन, याचीच भीती वाटते.*

*– एक शिक्षिका*

नमस्कार,

तुमच्या ‘उद्या बोलू’मुळे तिनं स्वतःला इजा केली नाही, हे आधी सांगते. तिच्या मनात जे चाललं होतं, ते त्या मेसेजच्या बऱ्याच आधीपासून चाललं असणार. तुमच्याजवळ त्या वेळी होते ते दोन शब्द आणि रोजचा अनुभव. त्या अनुभवावरून कुणीही तसंच उत्तर दिलं असतं. पुढच्या वेळी वेगळं काय करता येईल, ते मात्र शिकून घेता येतं.

एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आत्महत्येच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. मनाची वेदना टोकाला गेली की माणसाची नजर आकसत जाते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. एरवी दहा वाटा दिसतात, तिथे एक किंवा दोनच दिसू लागतात. अशा अवस्थेत कुणी सविस्तर पत्र लिहीत नाही. काय होतंय ते सांगायला शब्द जुळत नाहीत. त्यात लाज असते, आपण दुसऱ्याला त्रास देतोय ही टोचणी असते. म्हणून एकच शब्द पाठवला जातो, कारण तो मागे घेता येतो. समोरून थंड उत्तर आलं तर ‘काही नाही मॅम, सहज’ म्हणून निघून जाता येतं. ‘ओके’सुद्धा बरेचदा तसंच माघार घेणं असतं.

तेव्हा ‘अर्जंट’ या शब्दाकडे पाहून फारसं काही कळणार नाही. पाहायचं ते त्याच्या आजूबाजूला. ज्याला काम करून हवंय तो काम लिहितो. ‘मॅम अर्जंट’च्या मागोमाग मिनिटभरात ‘फॉर्मवर सही राहिलीय’ असं येतंच, कारण त्याला सही हवी असते. ज्या ‘अर्जंट’ला पुढे विषयच नसतो, तिथे थांबा. नुसतं ‘मॅम’, ‘आहात का’, ‘जाग्या आहात?’ यात फक्त माणूस शोधला जातोय. काहीतरी लिहून लगेच डिलीट केलेलं दिसलं, तर तेही लक्षात घ्या.

दुसरं, त्या व्यक्तीची नेहमीची सवय. एखादा मुलगा रोजच अर्ध्या शब्दात लिहितो, त्याचा अर्धा शब्द म्हणजे काहीच नवल नाही. पण जी मुलगी नेहमी ‘गुड इव्हिनिंग मॅम’ने सुरुवात करून नीट वाक्यं लिहिते, तिच्याकडून रात्री उशिरा नुसता एक शब्द आला, किंवा ग्रुपवर बोलणारी मुलगी पहिल्यांदाच खाजगीत आली, तर तो बदल महत्त्वाचा. अलीकडे ती वर्गात दिसेनाशी झाली असेल, नापास झाली असेल, कुणी जवळचं गेलं असेल, काही अपमानास्पद घडलं असेल, तर अधिकच. ‘सगळ्यासाठी थँक्यू’, ‘सॉरी, तुम्हाला खूप त्रास दिला’ असं कारण नसताना आलं तर त्याला निरोपाचा मेसेज समजून तत्काळ फोन करा.

एवढं सगळं पाहूनही चूक होऊ शकते. हेल्पलाइनवर काम करणारी माणसंसुद्धा एका शब्दावरून छातीठोक काही सांगत नाहीत, ती विचारतात. तुमचं पहिलं उत्तरच असं असू द्या की त्यातून उलगडा होईल. सबमिशनवाल्यालाही ते चालेल आणि खरोखर बुडत असलेल्यालाही. मी असं लिहीन:

‘वाचलं गं. मी आहे इथे. काय झालंय? लिहायला जड जात असेल तर नुसता आकडा पाठव. १ म्हणजे कॉलेजचं काम, २ म्हणजे मला बरं वाटत नाहीये.’

यात मेसेज पोचल्याची पावती आहे, तुम्ही तिथे असल्याचं आश्वासन आहे आणि एकच सोपा प्रश्न आहे. आकडा देणं तुम्हाला कदाचित कोरडं वाटेल. पण हात थरथरत असताना एक आकडा दाबता येतो, वाक्य लिहिता येत नाही. शिवाय ‘मला बरं वाटत नाहीये’ हे तुम्ही आधीच लिहून दिल्यामुळे ते बोलायची परवानगी मिळते. फॉर्मवाला ‘१’ पाठवेल, त्याला ‘मग सकाळी नऊनंतर बघते’ लिहून तुम्ही निश्चिंत झोपू शकता.

‘काय झालं????’ असं चार प्रश्नचिन्हांसकट लिहू नका. तुमची घाबरगुंडी तिला दिसली की तिला आता तुम्हाला सांभाळायचं ओझं होतं आणि ती ‘काही नाही’वर जाते. ‘शांत हो’ही नको, तशा सूचनेनं कुणी शांत होत नाही. शांतपणा तुमच्या लिहिण्यातून पोचला पाहिजे. म्हणजे छोटी वाक्यं, एका वेळी एक प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. ‘टायपिंग’ दिसतंय आणि पुन्हा पुन्हा नाहीसं होतंय, अशा वेळी आपल्याला मधली पोकळी भरावीशी वाटते. ती भरू नका. मिनिटभरानं ‘सावकाश लिही, मी थांबलेय’ एवढंच लिहा.

समजा, उत्तर आलं ‘२’. इथून पुढचं संभाषण कसं जावं, ते एका कल्पित उदाहरणातून दाखवते.

– सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता कुठे आहेस?
– रूमवर
– सोबत कुणी आहे?
– नाही. रूममेट घरी गेलीय
– बरं. इतकं असह्य झालंय, तर जीव द्यावासा वाटतोय का?
– (बराच वेळ काही नाही)
– काहीही उत्तर असलं तरी चालेल. मी रागावणार नाही.
– हो

‘कुठे आहेस’ हा प्रश्न मुद्दाम आधी घेतला. आपत्कालीन फोन घेणारी माणसंही आधी ठिकाणच विचारतात, कारण मध्येच संपर्क तुटला तरी मदत कुठे पाठवायची हे हाताशी राहतं. मनात काय चाललंय हे ऐकायला नंतर वेळ मिळतो.

जीव द्यावासा वाटतोय का, असं सरळ विचारायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं घालू, ही भीती असते. या प्रश्नावर जे संशोधन झालंय, त्यात विचारल्यामुळे असे विचार वाढतात असं दिसलेलं नाही. अनेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण ते एकट्यानं वाहत असलेली गोष्ट कुणीतरी न दचकता उच्चारलेली असते. फक्त प्रश्न ‘तसलं काही डोक्यात नाही ना?’ असा नको. तो ऐकणाऱ्याला कळतं की तुम्हाला ‘नाही’ हवंय, आणि ती तेच देते. ‘उलटसुलट विचार’ असली मोघम भाषाही टाळा. स्पष्ट शब्द वापरा आणि उत्तराला जागा ठेवा.

‘हो’ आलं की तुमच्या छातीत धडधडेल. ते साहजिक आहे. पण पुढचे प्रश्न तुम्हाला माहीत असले की धडधडतानाही विचारता येतात.

– हे मला सांगितलंस, खूप चांगलं केलंस. आत्तापर्यंत स्वतःला काही केलंयस का? काही घेतलंयस?
– नाही अजून
– ज्यानं इजा करायचं मनात आहे ते जवळ आहे का?
– हो. टेबलवर
– ते तिथेच राहू दे. तू फोन घेऊन खोलीबाहेर ये. शेजारच्या खोलीत कोण आहे?
– दोघी जणी आहेत
– त्यांचं दार वाजव. मी फोन लावतेय. बोलायला नको असेल तर बोलू नकोस, नुसता चालू ठेव.

काही घेतलंय किंवा केलंय असं उत्तर आलं असतं, तर पुढचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून थेट रुग्णवाहिका बोलवायची. ‘आता बरं वाटतंय, नको’ म्हणाली तरी थांबायचं नाही. काही औषधांचा घातक परिणाम कित्येक तासांनी दिसू लागतो, तोवर माणूस ठीक वाटतो. तिला उलटी करायलाही लावू नका. काय घेतलं आणि किती वाजता, एवढं टिपून डॉक्टरांना द्या.

काही केलेलं नसेल तर साधनापासून अंतर आणि जवळ माणूस, या दोन गोष्टी आधी साधायच्या. जीव देण्याची उबळ बरेचदा एकदम चढते आणि काही वेळानं ओसरते. तो वेळ साधन हाताशी नसताना, कुणाच्या तरी सोबतीत गेला की मोठा धोका टळतो. तिच्या आयुष्याचा प्रश्न तुम्हाला त्या रात्री सोडवायचा नाहीये. माझ्या मते अनेक चांगली माणसं इथेच चुकतात. ती समजूत घालायला लागतात. ‘तू किती हुशार आहेस’, ‘आईवडिलांचा विचार केलास का’, ‘याहून वाईट दिवस लोकांनी पाहिलेत’. आईवडिलांचा विचार तिनं केलेलाच असतो, आणि आपण नसलो तर त्यांचं ओझं कमी होईल असं त्या आकसलेल्या मनाला खरोखर वाटत असतं. त्या वाक्यानं तो सल वाढतो. त्याऐवजी ‘हे फार जड आहे. तू एकटी नको राहूस, आपण कुणाला तरी तुझ्याजवळ आणू’ एवढं पुरे.

‘मॅम, कुणाला सांगू नका’ हे जवळजवळ नक्की येणार. तेव्हा हो म्हणू नका. ‘वर्गात, ग्रुपवर कुठेही बोलणार नाही. पण तुझा जीव धोक्यात असेल तर मदत करू शकणाऱ्या एक-दोघांना सांगावं लागेल. कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू,’ असं लिहा. तिला घरच्यांचीच भीती असेल, तर ती का आहे हे आधी समजून घ्या. सरसकट ‘पालकांना फोन’ हा मार्ग काही मुलींसाठी धोक्याचा असतो.

पहिल्या उत्तरानंतर काहीच आलं नाही, तर दोन-तीन मिनिटं थांबून फोन लावा. उचलला नाही तर लगेच आणखी एकदा. तरीही नाही, तर तिच्या जवळ राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून ‘जरा तिच्या खोलीत डोकावशील का, मला काळजी वाटतेय’ म्हणा. धोका आहे असं वाटायला कारण असेल आणि कुणीच पोचू शकत नसेल, तर आपत्कालीन क्रमांक. ११२ हा पुष्कळ देशांत चालतो. कदाचित ती झोपली असेल आणि तुम्ही उगाच दार वाजवायला लावलं असेल. त्यानं थोडं अवघडल्यासारखं होईल, तेवढं सोसावं. मात्र मेसेजमागून मेसेज टाकत बसू नका.

आता एक वेगळी शक्यता, जिथे वरची पद्धत उलटी पडू शकते. तिच्या शेजारी तिला धमकावणारा, मारणारा माणूस असेल आणि म्हणूनच तिनं चोरून एक शब्द पाठवला असेल, तर तुमचा फोन वाजणं किंवा पडद्यावर तुमचा लांब मेसेज झळकणं तिच्या अंगाशी येईल. म्हणून शंका असेल तर फोन लावण्याआधी ‘आत्ता फोन केला तर चालेल का?’ असं विचारा. ‘नको’ आलं तर हो-नाहीचे प्रश्न: ‘सुरक्षित आहेस का?’, ‘पोलीस पाठवू का?’ तिला एका शब्दात उत्तर देता येईल असे. ती अचानक ‘सॉरी मॅम, चुकून गेला’ असं अगदी नीटनेटकं लिहू लागली तर फोन तिच्या हातात आहे का, याचा विचार करा. उत्तरात ‘बरं, उद्याच्या असाइनमेंटचं बघू’ असं निरुपद्रवी काही लिहा, आणि तिच्यापर्यंत माणूस पोचवायच्या मागे लागा.

आणि कधीकधी मेसेज तोकडा किंवा विस्कटलेला असतो तो शरीरामुळे. नेहमी नीट लिहिणाऱ्या माणसाकडून अर्थहीन अक्षरं येऊ लागणं हे पक्षाघाताचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी केलेल्या आहेत. मधुमेह असलेल्याची साखर उतरली तरी असं होतं. तिथे फोन करून आवाज ऐका. बोलणं अडखळतंय, जीभ जड आहे, प्रश्न कळत नाहीये असं जाणवलं तर रुग्णवाहिका.

‘अर्जंट, पैसे पाठवा, आत्ता फोन करू नका’ हे मात्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं काम असतं. पैसे न पाठवता तिच्या जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐका, तेवढं पुरतं.

संकटाची रात्र टळली की लोक पुन्हा तो विषय काढत नाहीत, जखमेवरची खपली निघेल म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांनी याच्या उलट करून पाहिलं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नव्हता, प्रश्नांची सरबत्ती नव्हती, काही मागणी नव्हती. तुमची आठवण आहे, वाटलं तर लिहा, अशा अर्थाच्या चार ओळी. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या. तेव्हा त्या मुलीला अवश्य लिहा. ‘तुझी आठवण आली. कशी आहेस? उत्तर द्यायलाच हवं असं नाही’ एवढंच. ‘त्या रात्री मी समजून घ्यायला हवं होतं’ हे त्यात नको, कारण मग तुमचं मन हलकं करायची जबाबदारी तिच्यावर जाते. ते तुम्ही मला लिहिलंत, तुमच्या जवळच्या कुणाशी बोललात, तर जास्त बरं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा लिहा.

राहिला तुमच्या पोटातला गोळा. रात्रभर फोन उशाशी ठेवून तुम्ही सगळ्या वर्गाला पुरणार नाही, आणि दोन महिन्यांत असं होईल की नंबरच बदलावासा वाटेल. वर्गात एकदा स्पष्ट सांगा की कॉलेजच्या कामाचे मेसेज रात्री नऊनंतर तुम्ही पाहत नाही, ते दुसऱ्या दिवशी. जीवावर बेतलेलं असेल तर मेसेज करून थांबू नका, फोन करा, लागोपाठ दोनदा. बऱ्याच फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही काही मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला त्याच नंबरचा कॉल वाजू देण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवा. मी उचलला नाही तर कुणाला करायचा, हेही त्याच वेळी फळ्यावर लिहा: कॉलेजचे समुपदेशक, वसतिगृहाच्या अधीक्षक, आणि तुमच्या भागात चोवीस तास चालणारी हेल्पलाइन. तिचा नंबर स्वतः एकदा लावून, चालू आहे ना ते पाहून मगच द्या. तुमच्या फोनमध्ये प्रत्येक वर्गातल्या दोघा-तिघा जबाबदार मुलांचे आणि वसतिगृहाचा नंबर असू द्या. आणि वर दिलेलं ते पहिलं उत्तर फोनच्या नोट्समध्ये जसंच्या तसं साठवून ठेवा. अर्धवट झोपेत शब्द सुचत नाहीत, चिकटवता मात्र येतात.